दोघांच्या दुरुस्त्या, एक स्वच्छ प्रत

स्मरणिकेतील कोणताही लेख लेखकाच्या हातून थेट छापखान्यात जात नाही. तो आधी कोणीतरी तपासतो. पुष्कळदा दोघे तपासतात: विषयाचा एक जाणकार आणि भाषेचा एक जाणकार. दोघांच्या हाती मूळ लेखाची एकेक प्रत असते, दोघेही आपापल्या परीने खाडाखोड करतात, समासात टिपा लिहितात आणि प्रती परत देतात. त्यानंतरचे काम ज्याच्याकडे येते, त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. दोन्ही प्रती समोर ठेवून त्यांची एक स्वच्छ प्रत त्याला करायची असते. याला मराठीत स्थिर असे नावही नाही. आम्ही येथे त्याला ‘जुळवणी’ म्हणू आणि ते करणाऱ्याला ‘जुळवणारा’.

जुळवणी हे लेखनिकाचे काम आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. दोन्ही प्रतींतील दुरुस्त्या उतरवून घ्यायच्या, जेथे पटत नाही तेथे ज्येष्ठाचे म्हणणे ठेवायचे आणि पुढे जायचे. आमचे मत वेगळे आहे. जुळवणीत शब्द उतरवायचे नसून त्यामागचे हेतू उतरवायचे असतात, आणि प्रत्येक खुणेचे काय केले याचा हिशेब दोघांनाही देता आला पाहिजे, असे आम्ही मानतो. इतिहासावरील लेखांत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण स्मरणिकेत एकदा छापलेले वाक्य पुढच्या स्मरणिकेत, शिक्षकदिनाच्या भाषणात आणि मुलांच्या निबंधांत उतरत जाते. चुकीच्या जुळवणीतून तयार झालेले वाक्य मात्र लेखकाने लिहिलेले नसते आणि दोन्ही तपासणाऱ्यांपैकी कोणीही सुचविलेले नसते.

हे स्पष्ट करण्यासाठी एक परिच्छेद घेऊ. आठवीच्या मुलांनी वाचावा म्हणून लिहिलेल्या लेखातील हा परिच्छेद आहे, असे समजावे:

“१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याकडे मिरवणूक निघाली आणि लोकांनी तेथील पाणी प्राशन केले. अशा रीतीने ते तळे अस्पृश्यांसाठी खुले झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन करण्यात आले.”

हा लेख इतिहासाच्या सरांकडे आणि मराठीच्या बाईंकडे गेला. सरांनी चार खुणा केल्या. ‘कुलाबा जिल्हा’ या शब्दांपुढे त्यांनी ‘म्हणजे आजचा रायगड’ असे घातले. ‘मिरवणूक निघाली’ ऐवजी ‘मोर्चा निघाला’ असे केले आणि समासात लिहिले की मिरवणूक उत्सवाची असते. ‘अशा रीतीने ते तळे अस्पृश्यांसाठी खुले झाले’ हे वाक्य त्यांनी खोडले. त्याच्या जागी लिहिले की, मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केलेल्या बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे खुले करण्याचा ठराव केला होता, परंतु त्याची अंमलबजावणी झाली नव्हती. त्यापुढे त्यांनी आणखी एक वाक्य जोडले: तळ्यावरील हक्क न्यायालयात कायम झाला तो १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने.

बाईंच्याही खुणा चारच होत्या. ‘कुलाबा जिल्हा बहिष्कृत’ हे तीन शब्द त्यांनी खोडले आणि केवळ ‘परिषद भरली’ एवढे ठेवले. समासात टीप होती, ‘पहिलेच वाक्य जड आहे’. ‘मिरवणूक’ या शब्दाआधी त्यांनी ‘मोठी’ हा शब्द घातला. ‘लोकांनी पाणी प्राशन केले’ याचे ‘लोक पाणी प्यायले’ असे केले. आणि सरांनी खोडलेले तेच वाक्य खोडून त्यांनी त्याच्या जागी लिहिले: ‘त्या दिवशी हजारो माणसांनी आपला हक्क बजावला.’ टीप अशी होती की, ‘खुले झाले’ म्हटले की कोणीतरी दार उघडून दिले असे वाटते. माणसांनी काय केले ते दिसले पाहिजे, आणि वाक्य लहान हवे.

आता जुळवणाऱ्याने काय करावे? पहिली गोष्ट ही की, त्याच्यासमोर दोन नव्हे, तीन प्रती असल्या पाहिजेत. तिसरी प्रत म्हणजे दोघांना ज्या मजकुरावरून काम करायला दिले तो मूळ मजकूर, एका अक्षराचाही बदल न झालेला. ती नसेल तर दोन प्रतींमधील फरक दिसतो, पण तो फरक कोणी केला हे कळत नाही. सरांच्या प्रतीत ‘मोर्चा’ आहे आणि बाईंच्या प्रतीत ‘मिरवणूक’ आहे. मूळ प्रत हाताशी नसेल तर हे दोघांचे मतभेद आहेत असे वाटेल. वास्तविक बाईंनी त्या शब्दाला हात लावलेलाच नाही. मूळ लेखकाचा शब्द त्यांच्या प्रतीत तसाच राहिला एवढेच. त्यावरून ‘बाईंना मिरवणूकच हवी आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे त्यांच्या तोंडी न बोललेले शब्द घालणे होय. हाच घोटाळा दुसऱ्या प्रकारेही होतो. सरांकडे प्रत पाठविल्यानंतर लेखक एखादी तारीख बदलतो आणि बदललेली प्रत बाईंकडे जाते. मग लेखकाची दुरुस्ती बाईंच्या नावावर पडते. म्हणून दोघांकडे प्रती गेल्या की त्या परत येईपर्यंत मूळ मजकूर लेखकानेही बदलू नये.

तीन प्रती समोर ठेवल्या की प्रत्येक जागेचा प्रकार ठरविता येतो. काही जागी एकानेच बदल केलेला असतो. ‘प्राशन केले’ ही तशी जागा आहे. ती दुरुस्ती सर्वसाधारणपणे घ्यावी. काही जागी दोघांनी तोच बदल केलेला असतो. तेथे प्रश्नच नाही. काही जागी दोघांनी एकाच मजकुराला वेगवेगळा हात लावलेला असतो. परिच्छेदातील तिसरे वाक्य आणि परिषदेचे नाव या तशा जागा आहेत. आणि काही जागा अशा असतात की तेथे कोणीच काही केलेले नसते, तरीही इतरत्र झालेल्या बदलांमुळे त्या बिघडतात. जुळवणारे बहुधा तिसऱ्या प्रकाराला घाबरतात. आमच्या मते चौथा अधिक घातक आहे; त्याकडे पुढे येऊ.

प्रथम उघड संघर्षाची जागा पाहू. तिसरे वाक्य दोघांनीही खोडले आहे, म्हणजे ते राहू नये याबाबत एकमत आहे. मतभेद त्याच्या जागी काय यावे याविषयी आहे. येथे तीन सोपे मार्ग समोर येतात आणि तिन्ही चुकीचे आहेत. पहिला म्हणजे विषय इतिहासाचा आहे म्हणून सरांचे वाक्य ठेवणे. मग तळे १९२४ मध्येच कागदावर खुले झाले होते हे मुलांना कळते, पण २० मार्चला माणसांनी काय केले ते ठरावांच्या तारखांखाली गाडले जाते. दुसरा मार्ग म्हणजे मुलांसाठी लेख आहे म्हणून बाईंचे वाक्य ठेवणे. मग हक्क बजावला हे कळते, पण तो हक्क कोणता, कोठून आला आणि आधीच होता तर बजावावा का लागला, हे कळत नाही. तिसरा मार्ग म्हणजे दोन्ही वाक्ये एकापुढे एक ठेवणे. हा मार्ग न्यायाचा वाटतो, म्हणूनच तो सर्वाधिक वापरला जातो. तसे केले तर परिच्छेद १९२४ वर येतो, तेथून १९३७ च्या निकालावर जातो आणि त्यानंतर वाचकाला सांगतो, ‘त्या दिवशी हजारो माणसांनी आपला हक्क बजावला’. कोणत्या दिवशी? मांडणीप्रमाणे निकालाच्या दिवशी. दोघांचेही शब्द जसेच्या तसे राहिले आणि दोघांचाही हेतू बुडाला.

यातून सुटण्याचा मार्ग एकच. प्रत्येक खुणेसमोर तिचे कारण एका वाक्यात लिहून काढावे, आणि ते तपासणाऱ्याने दिलेल्या पर्यायी शब्दांपासून वेगळे ठेवावे. सरांचे कारण: ‘तळे त्या दिवशी कायद्याने खुले झाले असे म्हणणे चूक आहे, कागदावरचा हक्क आधीचा आणि न्यायालयातील हक्क नंतरचा आहे.’ बाईंचे कारण: ‘वाक्याचा कर्ता माणसे असावीत, तळे नव्हे, आणि वाक्य आठवीच्या मुलाला एका दमात वाचता यावे.’ ही कारणे शेजारी ठेवली की लक्षात येते, त्यांच्यात विरोध मुळीच नाही. विरोध होता तो दोघांनी सुचविलेल्या वाक्यांत. किंबहुना एकाचे कारण दुसऱ्याच्या कारणाला बळ देते: कागदावर हक्क असून पाणी घेता येत नव्हते, म्हणूनच माणसांनी तो बजावणे ही मोठी गोष्ट ठरते. आमच्या पाहण्यात आलेले बहुतेक संघर्ष याच प्रकारचे होते. तपासणारा दोष अचूक दाखवितो, पण तो दूर करण्यासाठी त्याने सुचविलेले शब्द हा अनेक उपायांपैकी एक असतो. त्याला दोषाचे निवारण हवे असते, स्वतःचे शब्द क्वचितच.

परिषदेच्या नावाची जागा थोडी निराळी आहे. एकाने ज्या शब्दांत भर घातली तेच शब्द दुसऱ्याने खोडले. येथे ‘खोडलेले ते गेले’ असे मानण्याची प्रवृत्ती असते, आणि त्याबरोबर सरांची ‘आजचा रायगड’ ही भरही नाहीशी होते. ती गेली याची कोणाला खबरही लागत नाही, कारण ज्या शब्दांना ती जोडलेली होती तेच उरलेले नसतात. म्हणून पुन्हा कारणाकडे जावे. बाईंची तक्रार नावाविरुद्ध नव्हती, वाक्याच्या भाराविरुद्ध होती. भार दोन वाक्यांत विभागला तर नाव राहू शकते आणि जिल्ह्याचा खुलासाही राहू शकतो.

आता चौथ्या प्रकाराकडे वळू. मूळ परिच्छेदाचे शेवटचे वाक्य ‘त्याच वर्षी २५ डिसेंबरला’ असे सुरू होते. सरांनी त्याला हात लावला नाही, बाईंनीही नाही. परंतु सरांनी त्याच्या अगोदर १९३७ च्या निकालाचे वाक्य घातले. आता ‘त्याच वर्षी’ म्हणजे १९३७ असा अर्थ होतो आणि मनुस्मृतीदहन दहा वर्षे पुढे जाते. दोन प्रतींत कोठेही मतभेद नसताना इतिहासाची ढोबळ चूक छापली जाते, आणि ती ज्या वाक्यात आहे त्या वाक्यावर कोणाचीही खूण नसते. ‘तो’, ‘तेथे’, ‘वरील’, ‘यानंतर’, ‘त्या दिवशी’, ‘त्याच वर्षी’ हे शब्द मागच्या मजकुराकडे बोट दाखवितात. मागचा मजकूर हलला की बोट भलतीकडे वळते. म्हणून जुळवणी झाल्यावर असे प्रत्येक बोट कोठे जाते ते तपासावे, ज्या वाक्यांना कोणी स्पर्श केला नाही त्यांतही.

मराठीत याच जातीचा आणखी एक प्रकार घडतो. सरांनी ‘मिरवणूक निघाली’चे ‘मोर्चा निघाला’ केले. बाईंनी ‘मिरवणूक’ या शब्दाआधी ‘मोठी’ घातले. दोन्ही दुरुस्त्या योग्य आहेत, एकमेकींच्या शेजारी आहेत, एकमेकींवर येत नाहीत. त्या यांत्रिकपणे उतरविल्या तर ‘मोठी मोर्चा निघाला’ असे वाक्य तयार होते. आपल्या भाषेत नाम बदलले की विशेषणाचे आणि क्रियापदाचे लिंगवचन बदलते, आणि ती साखळी कधी एका वाक्यापुरती असते, कधी पुढच्या वाक्यातील ‘ती’ आणि ‘तिचे’ यांपर्यंत जाते. म्हणून एखाद्याने नाम बदलले असेल, तर दुसऱ्याच्या प्रतीत त्या नामाशी जुळणारे शब्द शोधून पाहिल्याशिवाय ती दुरुस्ती पूर्ण झाली असे समजू नये.

ही पथ्ये पाळून आमच्या परिच्छेदाची जुळवणी अशी होते:

“महाड हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गाव. तेथे १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याकडे मोठा मोर्चा निघाला आणि लोक तेथील पाणी प्यायले. कागदावर हे तळे आधीच खुले झाले होते. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव संमत केला होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये ठराव केला होता. प्रत्यक्षात मात्र अस्पृश्यांना तेथे पाणी घेता येत नव्हते. मोर्चाच्या दिवशी हजारो माणसांनी तो हक्क स्वतः बजावला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. तळ्यावरील हक्क न्यायालयात कायम झाला तो १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने.”

यातील ‘कागदावर हे तळे आधीच खुले झाले होते’ हे वाक्य सरांचेही नाही आणि बाईंचेही नाही. ते दोघांच्या कारणांतून आले. बाईंचा ‘त्या दिवशी’ हा शब्दप्रयोग ‘मोर्चाच्या दिवशी’ असा झाला, कारण मध्ये ठरावांची वाक्ये आली. निकालाचे वाक्य सरांनी जेथे घातले होते तेथून शेवटी गेले, म्हणून ‘त्याच वर्षी’ हे शब्द खरे राहिले. परिच्छेद मात्र मूळच्या दुपटीहून मोठा झाला. बाईंना लहान वाक्ये हवी होती, लहान परिच्छेद हवा असे त्यांनी म्हटले नव्हते. तरीही ही वाढ त्यांना दाखवून त्यांची संमती घेतली पाहिजे, कारण वाढ हा जुळवणीचा परिणाम आहे आणि तो त्यांनी पाहिलेला नाही.

येथे जुळवणाऱ्याच्या मर्यादेचाही प्रश्न येतो. ‘दुसऱ्या दिवशी’ या शब्दांत थोडी संदिग्धता आहे. परिषद दोन दिवसांची होती. दुसरा दिवस म्हणजे २० मार्च की परिषद संपल्याचा दुसरा दिवस? घटना २० मार्चची आहे हे आपल्याला ठाऊक आहे आणि ‘२० मार्चला’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो. आमच्या मते जुळवणाऱ्याने तसे करू नये. या शब्दांवर सरांनी खूण केलेली नाही, बाईंनीही केलेली नाही, आणि जुळवणीने ते बिघडलेही नाहीत. ही तिसऱ्याच माणसाची दुरुस्ती आहे. ती करायची असेल तर प्रश्न म्हणून वेगळी लिहावी आणि लेखकाकडे पाठवावी. जुळवणारा स्वतःच्या पसंतीचे बदल या प्रवाहात मिसळू लागला की कोणता शब्द कोणाचा याचा हिशेब कायमचा मोडतो.

संगणकावर हे काम सोपे होते असे सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. वर्डमध्ये Review या विभागात Compare आणि त्याखाली Combine अशी सोय आहे. दोन प्रती दिल्या की दोघांच्या खुणा नावांसह एका प्रतीत दिसतात. शोधण्याचे श्रम वाचतात हे निश्चित. पण एकाच जागी दोघांनी वेगवेगळा मजकूर घातला असेल, तर तेथे सर्व खुणा एकदम स्वीकारल्यास दोन्ही मजकूर एकापुढे एक बसतात. वर ज्याला आम्ही तिसरा चुकीचा मार्ग म्हटले, तोच हा. ‘त्याच वर्षी’ची चूक तर कोणतीही खूण नसल्याने दिसतच नाही. शिवाय आपल्या लिपीची एक अडचण आहे. एकाने प्रत युनिकोडमध्ये दिली आणि दुसऱ्याने जुन्या फॉन्टमध्ये, तर संगणकाला प्रत्येक शब्द बदललेला दिसतो. दोघांनी युनिकोड वापरले तरी ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्या’ दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो; डोळ्यांना अक्षर एकच दिसते, यंत्राला ते वेगळे वाटते. अशा खोट्या फरकांच्या गर्दीत खरी दुरुस्ती हरवते. म्हणून तपासायला देण्यापूर्वीच दोघांना एकाच फॉन्टमधील एकच फाइल द्यावी आणि नवी फाइल न करता त्यातच खुणा करण्यास सांगावे.

आतापर्यंत आम्ही जे सांगितले ते, दोन हेतू एकत्र नांदू शकतात, असे धरून सांगितले. पण काही वेळा ते खरोखरच एका वाक्यात नांदू शकत नाहीत. याचे उदाहरण आपल्या संविधानाच्या मसुद्यात आहे. १९४७ मध्ये संविधान सभेने मूलभूत हक्कांचा अहवाल स्वीकारला, तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ हा शब्दप्रयोग होता. तो राहिला तर कायदाच अन्यायकारक आहे का हे न्यायालयाला तपासता येणार होते. मसुदा समितीने त्याऐवजी ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार’ अशा अर्थाचे शब्द घातले. डिसेंबर १९४८ मध्ये या कलमावर, म्हणजे मसुद्यातील पंधराव्या अनुच्छेदावर, चर्चा झाली. एका बाजूचा हेतू होता, विधिमंडळाच्या लहरीपासून माणसाचे स्वातंत्र्य वाचविणे. दुसऱ्या बाजूचा हेतू होता, लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचा निर्णय मोजक्या न्यायाधीशांच्या मतावर टांगता न ठेवणे. दोन्ही शब्दप्रयोग एका कलमात ठेवता येणार नव्हते, आणि त्यांच्या मधले काही शोधले असते तर त्याचा अर्थच लागला नसता. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजू सभेपुढे मांडल्या आणि निर्णय सभेवर सोपविला. सभेने मसुदा समितीचे शब्द कायम ठेवले. तोच आजचा एकविसावा अनुच्छेद.

जुळवणाऱ्याने शिकावे ते यापुढचे आहे. हरलेल्या बाजूचा हेतू तेथेच सोडून देण्यात आला नाही. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी १५-क हा नवा अनुच्छेद मांडला. पंधरावा अनुच्छेद संमत करताना जे गमावले गेले असे अनेकांना वाटत होते, त्याची काहीशी भरपाई म्हणून तो त्यांनी पुढे केला. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे, ही बंधने त्यात होती. तो आजचा बाविसावा अनुच्छेद होय. भरपाई अपुरी होती. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा मिळाली, आणि कार्यपद्धती न्याय्य व वाजवीही असली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे सांगेपर्यंत १९७८ साल उजाडले. तरीही मसुदा लिहिण्याची रीत म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेथे एकाच वाक्यात दोन्ही हेतू राहू शकत नाहीत, तेथे जुळवणाऱ्याने गुपचूप एक निवडू नये. ज्यांना निर्णयाचा अधिकार आहे त्यांच्यापुढे दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने मांडाव्यात. निर्णय झाल्यावर, मागे पडलेल्या हेतूला मजकुरात दुसरीकडे कोठे जागा देता येईल का, हे शोधावे.

आपल्या लेखांपुरते पाहिले तर निर्णयाचा हा अधिकार लेखकाचा आहे. नेमके येथेच आपल्याकडे गफलत होते. वादाच्या जागी ज्येष्ठतेने निकाल लागतो, किंवा ज्याची प्रत शेवटी आली त्याचे शब्द राहतात. कनिष्ठ शिक्षिकेने केलेली खूण, माजी विद्यार्थ्याने समासात लिहिलेली टीप, ही सहज मागे पडते. आणि ती का मागे पडली हे तिला किंवा त्याला कधीच कळत नाही. पुढच्या वेळी तपासायला दिले की ती व्यक्ती चार शुद्धलेखनाच्या चुका दाखवून प्रत परत करते, आणि एका डोळ्याने पाहिलेले लेखन छापले जाते.

म्हणून पुढील स्मरणिकेसाठी आमची एक सूचना आहे. प्रत्येक लेखाच्या फाइलमध्ये स्वच्छ प्रतीबरोबर एक कागद असावा. त्यावर दोघांच्या प्रत्येक खुणेचा क्रमांक, तिचे एका ओळीतील कारण आणि तिचे काय केले हे लिहावे: जशीच्या तशी घेतली, कारण राखून शब्द बदलले, लेखकाकडे विचारणा केली, किंवा अमुक कारणासाठी घेतली नाही. आमच्या परिच्छेदासाठी हा कागद आठ ओळींचा होतो, आणि ‘दुसऱ्या दिवशी’च्या प्रश्नाची नववी ओळ. मग ती स्वच्छ प्रत, खुणांविना, दोघांकडे परत जावी आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: ‘आपली हरकत दूर झाली का?’ ‘आपले शब्द राहिले का?’ असे विचारू नये. ज्याची हरकत उरली असेल त्याची ओळ लेखकापुढे ठेवावी.

नववी-दहावीच्या मुलांनाही हे काम द्यावे. एक परिच्छेद, दोन वह्यांतील वेगवेगळ्या दुरुस्त्या आणि एक कोरा कागद एवढे साहित्य पुरते. मुलांनी आधी कारणे लिहावीत, मग परिच्छेद लिहावा, आणि शेवटी ज्यांच्या दुरुस्त्या होत्या त्या दोघांना तो वाचून दाखवावा.